एका मिनिटाचं विनोदी स्केच कसं लिहायचं: सोलापुरातल्या एका दुकानातून

रीलसाठी स्केच लिहायला बसलेली बहुतेक नवी मंडळी पहिल्या संवादापासून सुरुवात करतात आणि लिहिता लिहिता शेवट सापडेल या आशेवर राहतात. तो सहसा सापडत नाही. मग शेवटी कोणीतरी कोणाला तरी चप्पल फेकून मारतं आणि स्केच संपतं. विनोदी स्केच शेवटाकडून लिहायचं असतं. आधी पंचलाइन ठरवायची, मग तिच्यासाठी जमीन तयार करायची. ही जमीन म्हणजेच सेटअप. स्केच पडलं की पंच कमजोर होता असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते बहुतेक वेळा सेटअप कमजोर असतो.

विनोदाचे प्रकार पुष्कळ आहेत. इथं मी एकच घेतो, कारण नवख्या माणसाला तो लवकर जमतो आणि त्याला खर्च नाही. तो म्हणजे गैरसमजाचं स्केच. दोन माणसं एकाच विषयावर बोलत आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि शेवटच्या एका शब्दानं ते उघडं पडतं. लागतात दोन नट, एक जागा आणि एक मोबाईल. आपण पूर्ण स्केच इथंच बांधू.

आधी विषय, मग त्याची जोडी

विषय असा हवा की तो आपल्या गावातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात इतका मुरलेला आहे की त्याला त्याचं नाव घ्यायचीही गरज पडत नाही. सोलापुरात असा विषय म्हणजे नळाचं पाणी. उजनीचं धरण जिल्ह्यात असलं तरी शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि कधी कधी मध्यरात्री. त्यामुळे इथं दोन शेजारी भेटले की ‘आलं का?’ एवढंच विचारतात. ‘पाणी’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. स्केच लिहिणाऱ्यासाठी हे सोनं आहे, कारण ज्या गोष्टीचं नाव न घेता माणसं सहज बोलतात, तिच्यावरच गैरसमज नैसर्गिक वाटतो. नाव मुद्दाम लपवावं लागलं तर प्रेक्षकाला लगेच वास येतो.

आता ‘आलं का?’ हे आणखी कुठं विचारतात? इथं मराठीचं व्याकरण आपल्याला अडवतं आणि मदतही करतं. आपल्या क्रियापदाला लिंग असतं. पाण्याला ‘आलं’ म्हणतात, म्हणून गैरसमज प्रेयसीचा करता येत नाही, कारण ती ‘आली’ होते. टँकरचा करता येत नाही, तो ‘आला’ होतो. जोडीची गोष्टही नपुंसकलिंगीच हवी. पार्सल चालेल, पत्र चालेल, पण त्यात कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. बाळ मात्र नपुंसकलिंगी आहे आणि त्याची वाट बघताना अख्खं घर जागं असतं. आपली जोडी ठरली: पाणी आणि बाळ. असं स्केच लिहिताना लिंगाची ही तपासणी सगळ्यात आधी करा. नाहीतर अर्धं स्केच लिहून झाल्यावर एका ‘आली’पाशी सगळं कोसळतं.

दोन रकान्यांचा कागद

वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे पाण्याबद्दल माणूस जे जे बोलतो ते लिहा, उजवीकडे बाळंतपणाबद्दल जे जे बोलतो ते. निवडू नका, सुचेल ते लिहा. पाण्याच्या बाजूला येईल: आज येणार म्हणतात, तारीख होऊन गेली, रात्रभर जागे आहोत, पिवळं आलं, जोर नाही, अर्ध्या तासात जाईल, मोटर लाव, ड्रम भर. बाळाच्या बाजूला येईल: तारीख होऊन गेली, रात्रभर जागे आहोत, डॉक्टर काय म्हणाले, वजन किती, पिवळं दिसतंय, उन्हात धरा, रडलं का.

आता दोन्ही रकान्यांत बसणारी वाक्यं अधोरेखित करा. ‘तारीख होऊन गेली’, ‘आज येणार’, ‘रात्रभर डोळा लागला नाही’, ‘आलं’, ‘पिवळं आहे’, ‘जोर नाही’. हा झाला तुमचा सेटअप. फक्त डाव्या रकान्यात बसणारी वाक्यं, म्हणजे ‘मोटर लाव’ आणि ‘ड्रम भर’, यातून पंच निघेल. फक्त उजव्या रकान्यातली वाक्यं एकाच पात्राच्या तोंडी जातील, ज्याचा गैरसमज झाला आहे त्याच्या. तीही अगदी शेवटी, घाईगर्दीत.

‘अर्ध्या तासात जाईल’ हे वाक्यही दोन्हीकडे बसतं आणि ते घ्यायचा मोह जबरदस्त होतो. ते घेऊ नका. त्या क्षणी प्रेक्षक बाळाच्या बाजूला उभा आहे. बाळ जाणार हे ऐकून त्याच्या पोटात गोळा येतो, आणि पुढं पाणी निघालं तरी हसू फुटायच्या आधी त्याला सुटकेचा श्वास घ्यावा लागतो. तेवढ्यात पंच निघून जातो. काळजी आणि भीती यांतली रेघ इथं पाळावी लागते. पिवळेपणाची काळजी चालते, कारण नवजात बाळाला कावीळ होणं घरोघरी माहीत असतं.

पंचचा शब्द शेवटी

पंच ठरला: ‘मोटर’. ‘पाणी आलं’ असं सरळ सांगण्यापेक्षा ‘मोटर’ चांगलं, कारण त्यात प्रेक्षकाला अर्धं पाऊल स्वतः टाकावं लागतं. मोटर म्हणजे नळ, नळ म्हणजे पाणी, म्हणजे मघापासून हे पाण्याचं चाललं होतं! हसू त्या अर्ध्या पावलातून येतं. शिवाय मोटर महाराष्ट्रभर कळते, सोलापूरबाहेरच्या प्रेक्षकाला वेगळं समजवावं लागत नाही. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहील. लिहू द्या.

वाक्य मात्र जपून रचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सहज लिहिलं तर ‘आई, मोटर लाव लवकर’ असं होतं. गौप्यस्फोट दुसऱ्याच शब्दाला झाला आणि ‘लाव लवकर’ हे दोन शब्द हशाच्या अंगावर पडले. प्रेक्षक हसायला लागतो, नट अजून बोलतोय, म्हणून प्रेक्षक हसू आवरतो. बोलीभाषेत आपण शब्दांची जागा सर्रास बदलतो, ती सवलत वापरा: ‘आई, लाव लवकर… मोटर!’ त्यानंतर दोन सेकंद कोणीही काही बोलायचं नाही.

बीट म्हणजे काय

बीट म्हणजे स्केचमधला एक बदल. प्रत्येक बीटनंतर परिस्थिती आधीपेक्षा थोडी वेगळी झालेली हवी. संवाद चालू आहे पण काहीच बदललं नाही, तर तो बीट नाही, ती भर आहे, आणि भर कापायची असते. एका मिनिटाच्या गैरसमजाच्या स्केचला पाच-सहा बीट पुरतात.

आपलं स्केच नवी पेठेतल्या चादरी-टॉवेलच्या दुकानात घडवू. दुकानाचे मालक आणि कामाला असलेला महेश. पहिला बीट: महेशला लवकर जायचंय. दुसरा: मालकांचा गैरसमज होतो. तिसरा: मालक त्यात गुंतत जातात. चौथा: फोन येतो आणि आनंद होतो. पाचवा: आनंदाची काळजी होते, आणि काळजी टोकाला गेली की पंच. त्यानंतर टॅग, म्हणजे पंचच्या पाठोपाठ येणारा छोटा दुसरा हशा. वेळ साधारण अशी: पहिला बीट आठ सेकंदांत संपवा, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून वीसेक सेकंद द्या, फोनपासून पंचपर्यंत वीस, आणि उरलेली दहाएक टॅगला.

चढ चढतोय हे शब्दांपेक्षा शरीरानं दाखवायचं. मालक आधी गादीवर बसलेले आहेत, मग उठून उभे राहतात, मग माल काढून देतात, मग फोनमध्ये तोंड घालतात. आवाज बंद करून स्केच पाहिलं तरी माणूस कसा पेटत गेला ते दिसलं पाहिजे. बरेच लोक रील आवाज बंद ठेवून पाहायला सुरुवात करतात, हाही त्याचा एक व्यवहारी फायदा.

एक पक्का नियम: महेश एकही खोटं किंवा फसवं वाक्य बोलणार नाही. तो पहिल्यापासून पाण्याबद्दलच बोलतोय आणि प्रामाणिकपणे बोलतोय. प्रेक्षक दुसऱ्यांदा पाहील तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य खरं निघालं पाहिजे. लेखकानं आपल्याला गंडवलं, असं वाटलं की माणूस रील कोणाला पाठवत नाही. आपलं आपणच चुकीचं समजलो, असं वाटलं की पाठवतो.

मालकांचं थोडं अवघड आहे. त्यांनी ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असं विचारलं तर महेश म्हणेल, ‘कुठला डॉक्टर?’ आणि खेळ संपेल. म्हणून त्यांचे प्रश्नही दोन्ही रकान्यांत बसणारे हवेत. मग ते बाळ समजलेत हे प्रेक्षकाला कळणार कसं? कृतीतून. महेशची पाठ असताना मालक दोन्ही हातांनी बाळ जोजवल्यासारखं करतात, एवढंच. प्रेक्षकाला कळलं, महेशला नाही.

पूर्ण स्क्रिप्ट

स्थळ: दुकान. मालक गादीवर. महेश चादरींच्या घड्या घालतोय, नजर मोबाईलवर.

मालक: काय बघायलास बे सारखं मोबाईलमध्ये?

महेश: मालक, आज लवकर सोडा की ओ. तारीख होऊन गेली. आज येणार म्हणायलेत.

(महेश पाठ फिरवून घडी रॅकवर ठेवतो. मालक चमकून उठतात. हातानं बाळ जोजवून बघतात. चेहरा खुलतो.)

मालक: मला बोलला नाहीस बे कधी!

महेश: काय बोलायचं ओ त्यात? घरोघरी तेच की.

मालक: घरी कोण हाय?

महेश: आई हाय, बायको हाय. रात्रभर डोळा नाय लागला कुणाचा.

(मालक रॅकवरून सगळ्यात मऊ टॉवेल निवडून काढतात.)

मालक: हे घे. अंघोळीनंतर लागंल.

महेश: (भारावून) तुम्हालाच कळतंय ओ मालक.

(फोन वाजतो.)

मालक: स्पीकरवर टाक, स्पीकरवर!

आईचा आवाज: महेश्या, आलं रे, आलं!

(मालक डोळे पुसतात.)

महेश: कसं हाय?

आई: पिवळं हाय रे!

मालक: (फोनमध्ये तोंड घालून) कोवळ्या उन्हात धरा! कावीळ असंल!

आई: अन् जोर अजिबात नाय त्याला!

मालक: अरे देवा!

महेश: आई, लाव लवकर… मोटर!

(दोन सेकंद शांतता. मालक महेशकडे बघतात. मग टॉवेलकडे. मालकांचा फोन वाजतो.)

मालक: हां… आलं? आपल्याकडंबी?

(महेशच्या हातातला टॉवेल ओढून खांद्यावर टाकतात आणि पळत सुटतात.)

मालक: (बाहेरून) शटर ओढ बे!

हे असंच का

टॉवेलकडे जरा नीट बघा. ‘अंघोळीनंतर लागंल’ हे वाक्य दोन्ही रकान्यांत बसतं. मालकांच्या डोक्यात बाळाची पहिली अंघोळ आहे, महेशच्या डोक्यात पाणी आल्यावर मिळणारी त्याची स्वतःची. म्हणून तो भारावतो आणि प्रेक्षकाला ते खटकत नाही. टॅगमध्ये तोच टॉवेल तिसऱ्या अर्थानं परत येतो: आता अंघोळ मालकांना करायची आहे. टॅगसाठी नवी वस्तू किंवा नवं पात्र आणायचं नाही. मधल्या बीटमध्ये सहज म्हणून ठेवलेली गोष्टच उचलायची. दुकान चादरी-टॉवेलचं का निवडलं तेही आता लक्षात येईल. सोलापुरी टॉवेल त्या जागी आपोआप असतो, तो आणून ठेवावा लागत नाही. किराणा दुकान घेतलं असतं तर हा टॅग मिळाला नसता.

‘मला बोलला नाहीस बे कधी’ हे वाक्य भोक बुजवण्यासाठी आहे. कामावरच्या माणसाच्या घरी बाळ येणार आणि मालकांना पत्ताच नाही, ही शंका चाणाक्ष प्रेक्षकाला येणारच. ती त्याच्या मनात येण्याआधी मालकांच्या तोंडून काढली की शंका मिटते. महेशच्या ‘घरोघरी तेच की’ या उत्तरात पंचची पुसटशी चाहूल आहे. ती तिथं चालते कारण पंच अजून लांब आहे. फोन आल्यानंतर असली एकही चाहूल नको.

‘कावीळ’ हा उजव्या रकान्यातला शब्द फोनच्या गडबडीतच येतो. एरवी महेश लगेच म्हणाला असता, ‘कसली कावीळ?’ इथं त्याचं लक्ष आईच्या आवाजाकडे आहे आणि लगेच पुढचं संकट येतं. दिग्दर्शन करताना ‘पिवळं’पासून ‘मोटर’पर्यंत वाक्यं एकमेकांवर चढू द्या. त्याआधी संथ, इथं वेगवान, आणि पंचनंतर एकदम गप्प.

बोलीचंही सांगतो. ‘बघायलास’, ‘म्हणायलेत’, ‘की ओ’, ‘बे’ ही सोलापूरच्या बोलण्याची चाल आहे, आणि नाती त्यातूनच कळतात. मालक महेशला ‘बे’ म्हणतात, महेश मालकांना ‘ओ’ म्हणतो. महेशच्या तोंडी मालकांसाठी चुकून ‘बे’ आलं तर सोलापूरचा माणूस तिथंच अडखळेल. बोली प्रत्येक वाक्यात ठासून भरायची नाही. बोलीवर हसवणं आणि बोलीत हसवणं यांत फरक आहे. वर हसू गैरसमजावर आहे, बोली फक्त माणसं खरी करते.

मोठ्यानं वाचा, मग परीक्षा घ्या

स्क्रिप्ट झाली की मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दोघांनी मोठ्यानं वाचा, कृतींसकट. वरच्या स्क्रिप्टमध्ये बोललेले शब्द ऐंशीच्या आसपास आहेत. एका मिनिटाच्या स्केचला एवढेच पुरतात, कारण नजरा, थांबणं आणि धावपळ यांनाही वेळ लागतो. दीडशेच्या पुढं गेलात तर नट घाई करतात आणि पहिला बळी पंचनंतरच्या शांततेचा जातो.

मग विषय माहीत नसलेल्या एका माणसाला ऐकवा. प्रत्येक बीटनंतर थांबून एकच प्रश्न विचारा: ‘काय चाललंय असं वाटतं?’ टॉवेलपर्यंत तो ‘बाळ होणार आहे’ म्हणाला पाहिजे. ‘काही कळत नाही’ म्हणाला तर बाळाची बाजू पातळ झाली, मालकांची कृती ठळक करा. टॉवेलच्या आधीच ‘पाणी येणार’ म्हणाला तर डाव्या रकान्यातलं काहीतरी गळलंय. बहुतेक वेळा ते शब्दात नसतं, मागं ठेवलेल्या वस्तूत असतं. दुकानात कोपऱ्यात रिकामी घागर किंवा पाण्याचा जार दिसत असेल तर हलवा. एका माणसावर एकदाच परीक्षा घेता येते, पंच कळलेल्या माणसाचं मत नंतर उपयोगाचं नाही.

शूटिंगमध्ये पंच वाचवणं

फोन उभा धरा. चेहरे आणि सबटायटल चौकटीच्या मधल्या भागात ठेवा, कारण खालच्या पट्टीवर खात्याचं नाव आणि मजकूर येतो. आईचा आवाज वेगळा, शांत खोलीत रेकॉर्ड करून नंतर जोडा. दुकानात पंखा आणि रस्ता दोन्ही बोलत असतात, आणि ‘पिवळं’ नीट ऐकू आलं नाही तर पुढचं सगळं वाया.

सबटायटल हा पंचचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. डोळा कानापेक्षा वेगानं वाचतो. ‘आई, लाव लवकर… मोटर!’ हे पूर्ण वाक्य एकदम पडद्यावर आलं तर महेश ‘आई’ म्हणेपर्यंत प्रेक्षकानं ‘मोटर’ वाचलेली असते. ते वाक्य दोन तुकड्यांत तोडा आणि ‘मोटर!’ स्वतंत्र, उच्चाराच्या क्षणीच आणा. आपोआप तयार होणारी सबटायटल ही काळजी घेत नाहीत, शिवाय बोलीतले शब्दही चुकवतात, म्हणून ती हातानं दुरुस्त करावी लागतात.

तीच काळजी कव्हरच्या चित्राची आणि मथळ्याची. ‘सोलापुरात पाणी आल्यावर’ असा मथळा दिला की स्केच सुरू होण्याआधीच संपलं. ‘मालकांनी सुट्टी दिली’ एवढं पुरे. हॅशटॅगमध्येही पाणी नको, गावाचं नाव चालेल.

टाकल्यानंतर काही दिवसांनी प्रेक्षक कुठं सोडून गेले ते बघा. यूट्यूबवर शॉर्ट टाकला असेल तर यूट्यूब स्टुडिओत त्याचा आलेख मिळतो. पहिल्या काही सेकंदांत रेघ एकदम खाली आली असेल तर सुरुवात लांबली आहे: दुकानाची पाटी, आतली सजावट असलं काही दाखवत बसला असाल, ते कापून थेट ‘काय बघायलास बे’वर या. टॉवेलपाशी उतार असेल तर मधला बीट बदल न करता रेंगाळतोय. आणि ‘मोटर’वर रेघ तुटत असेल तर लोक पंचवर समाधान मानून निघून चाललेत. तेव्हा शांतता दोनवरून दीड सेकंदावर आणा आणि मालकांच्या फोनची रिंग त्या शांततेच्या आतच वाजवा.